जाहिरातीचा खर्च, विक्री आणि त्यांच्यामधली रेघ

महिन्याची विक्री आणि त्या महिन्यातला जाहिरातीचा खर्च असे दोन आकडे बहुतेक दुकानदारांच्या वहीत असतातच. वर्षभराचे असे आकडे शेजारी शेजारी मांडले की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. जाहिरातीवर हजार रुपये जास्त खर्चले, तर विक्री कितीने वाढते? या प्रश्नाकडे जाणारी संख्याशास्त्रातली सर्वांत सोपी वाट म्हणजे साधे रिग्रेशन. यात दोन राशींमधला संबंध एका सरळ रेघेने मांडतात. ही रेघ आज स्प्रेडशीटमध्ये क्षणात मिळते. तिचा अर्थ मात्र दोन पायऱ्यांनी लावावा लागतो. रेघ काय दाखवते, ही पहिली पायरी. ती काय दाखवू शकत नाही, ही दुसरी, आणि तोटा होतो तो बहुधा हिच्याकडे दुर्लक्ष केल्याने.

उदाहरणासाठी जिल्ह्याच्या गावातले साड्या आणि तयार कपड्यांचे एक कल्पित दुकान घेऊ. जाहिरात म्हणजे स्थानिक वर्तमानपत्र, चौकातले फलक, केबलवरची पट्टी आणि पेपरात घालून वाटलेली पत्रके. दुकानाच्या एका आर्थिक वर्षाचे आकडे पुढे दिले आहेत. त्या वर्षी गुढीपाडवा एप्रिलात आला होता, दसरा ऑक्टोबरात आणि दिवाळी नोव्हेंबरात.

| महिना | जाहिरात (हजार रु.) | विक्री (लाख रु.) |
|---|---|---|
| एप्रिल | ४० | २७ |
| मे | ३० | २४ |
| जून | १५ | १६ |
| जुलै | १० | १७ |
| ऑगस्ट | २० | १८ |
| सप्टेंबर | २५ | १६ |
| ऑक्टोबर | ६० | २७ |
| नोव्हेंबर | ७० | २६ |
| डिसेंबर | ३० | १८ |
| जानेवारी | २० | १८ |
| फेब्रुवारी | १५ | १६ |
| मार्च | २५ | १७ |

वर्षभरात जाहिरातीवर ३ लाख ६० हजार रुपये गेले, म्हणजे महिन्याला सरासरी ३० हजार. विक्री २ कोटी ४० लाखांची झाली, म्हणजे महिन्याला सरासरी २० लाख.

रेघ कशी बसते

पहिले काम आकडेमोडीचे नाही, आलेख काढण्याचे आहे. आडव्या अक्षावर जाहिरात आणि उभ्या अक्षावर विक्री घेऊन प्रत्येक महिन्यासाठी एक ठिपका दिला की बारा ठिपके मिळतात. ते साधारण डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. त्यांच्यामधून एक सरळ रेघ काढायची आहे. नजरेने रेघ ओढली तर प्रत्येकाची वेगळी येईल, म्हणून एक नियम ठरलेला आहे. प्रत्येक ठिपका रेघेपासून उभ्या दिशेने किती वर किंवा खाली आहे ते मोजायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल ती रेघ निवडायची. लघुतम वर्गांची ही पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली, तीही धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या संदर्भात. वर्ग केल्यामुळे रेघेच्या वरचे आणि खालचे ठिपके एकमेकांना खोडून काढत नाहीत आणि रेघेपासून फार दूर पडलेल्या ठिपक्याचे वजन बरेच वाढते.

उतार हाताने काढायचा तर प्रत्येक महिन्याचा जाहिरातखर्च सरासरीपासून किती दूर आहे आणि विक्री सरासरीपासून किती दूर आहे, ते लिहून दोन्हींचा गुणाकार करायचा. नोव्हेंबरात खर्च सरासरीपेक्षा ४० ने जास्त आणि विक्री ६ ने जास्त, म्हणून गुणाकार २४०. जुलैत खर्च २० ने कमी, विक्री ३ ने कमी. दोन्ही उणे असल्याने गुणाकार अधिक ६०. बारा महिन्यांच्या गुणाकारांची बेरीज ७७५ येते. जाहिरातखर्चाच्या सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर ३,७०० येते. ७७५ ला ३,७०० ने भागले की उतार मिळतो : ०.२०९, म्हणजे जवळपास ०.२१. स्प्रेडशीटमध्ये जाहिरात B स्तंभात आणि विक्री C स्तंभात असेल, तर हेच काम तीन सूत्रे करतात.

```
=SLOPE(C2:C13,B2:B13)
=INTERCEPT(C2:C13,B2:B13)
=RSQ(C2:C13,B2:B13)
```

कंसात आधी विक्री आणि मग जाहिरात, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा झाला तर पहिल्या सूत्राचे उत्तर ३.४० येते. तोही उतारच, पण वेगळ्या प्रश्नाचा : विक्री लाखाने जास्त असलेल्या महिन्यांत जाहिरात किती हजारांनी जास्त होती? संगणक यावर कोणतीही सूचना देत नाही.

उताराचा अर्थ

उतार वाचताना एकके आधी पाहावीत. इथे जाहिरात हजारांत आहे आणि विक्री लाखांत. त्यामुळे ०.२१ हा आकडा दिसायला किरकोळ असला तरी त्याचा अर्थ असा : ज्या महिन्यांत जाहिरात हजार रुपयांनी जास्त होती, त्या महिन्यांत विक्री सरासरीने सुमारे २१ हजार रुपयांनी जास्त होती. हे वाक्य मुद्दाम भूतकाळात आणि ‘होती’वर संपते. ‘हजार रुपये खर्चले तर विक्री २१ हजारांनी वाढेल’ हे वाक्य वेगळे आहे आणि ते या गणितातून निघत नाही. दोन वाक्यांमधले हे अंतर पुढे उलगडेल.

विक्री म्हणजे नफा नव्हे, हेही उतार वाचताना ध्यानात ठेवावे लागते. मालाची खरेदी किंमत वजा जाता दुकानाकडे शंभरातले वीस रुपये उरतात असे धरू. मग हजार रुपयांची जाहिरात वसूल व्हायला विक्री किमान पाच हजारांनी वाढली पाहिजे. उताराचा आकडा २१ हजारांचा असल्याने वरवर पाहता हजार रुपये घातले की चार हजारांहून जास्त परत येतात. इतका किफायतशीर व्यवहार समोर दिसला की खर्च दुप्पट करण्याचा मोह होतो. खरे तर एवढा मोठा परतावा दिसणे हीच शंका घेण्याची पहिली जागा आहे.

दुसऱ्या सूत्राचे उत्तर १३.७ येते. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते ती ही उंची. ‘जाहिरात शून्य केली तरी १३ लाख ७० हजारांची विक्री होईल’ असे त्याचे वाचन अनेकदा केले जाते. पण या वर्षात सर्वांत कमी खर्च दहा हजारांचा होता. शून्य खर्चाचा एकही महिना कोणी पाहिलेला नाही. रेघ जिथवर ठिपके आहेत तिथवरच आधाराची असते, म्हणजे इथे दहा हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत. हाच नियम वरच्या टोकालाही लागू होतो. दीड लाख रुपये जाहिरातीवर घातले तर काय होईल, हे या रेघेला ठाऊक नाही. गावातल्या बहुतेकांनी फलक एकदा पाहिला की दहावा फलक पहिल्याइतका उपयोगी पडत नाही, पण सरळ रेघ मात्र त्याच उताराने वर जात राहते.

रेघ किती नेमकी बसली

तिसरे सूत्र आर-वर्ग नावाचा आकडा देते. इथे तो ०.७१ आहे. विक्री महिन्यागणिक सरासरीच्या वरखाली होते. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २२८ येते. रेघ बसवल्यानंतर ठिपक्यांच्या रेघेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज साधारण ६६ उरते. म्हणजे एकूण चढउतारापैकी ७१ टक्के भाग रेघेच्या बरोबरीने चालतो आणि २९ टक्के भाग रेघेबाहेर राहतो. आर-वर्ग शून्य असेल तर रेघेचा काही उपयोग नाही आणि एक असेल तर सर्व ठिपके रेघेवरच आहेत.

०.७१ हा आकडा चांगला दिसतो, म्हणून ‘विक्रीतला ७१ टक्के बदल जाहिरातीमुळे होतो’ असे लिहिले जाते. हे चूक आहे, आणि का चूक आहे हे एका साध्या गोष्टीतून दिसते. RSQ सूत्रातले दोन स्तंभ उलटे केले, म्हणजे विक्रीवरून जाहिरातीचा अंदाज बांधला, तरी उत्तर ०.७१ च येते. जो आकडा दोन्ही दिशांनी सारखाच आहे, तो कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणार तरी कसा? आर-वर्ग दोन राशी एकमेकींबरोबर किती घट्टपणे हलतात एवढेच मोजतो. कोण कोणाला हलवते, किंवा तिसरेच कोणी दोघींना हलवते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

आकड्यांवर किती भरवसा ठेवावा हे सांगण्यासाठी संख्याशास्त्रात उताराभोवती एक पट्टा देतात. फक्त बारा महिने असल्याने योगायोगाने उतार थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, ते या पट्ट्यात धरलेले असते. इथे ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ११,६०० ते ३०,३०० रुपये असा येतो. पट्ट्याचे खालचे टोकही पाच हजारांच्या कितीतरी वर आहे. म्हणजे नेहमीच्या कसोट्यांवर हा संबंध अगदी पक्का ठरतो. तरीही पुढे दिसेल की जाहिरातीच्या परिणामाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. हा पट्टा योगायोगापासून सावध करतो. चुकीच्या कारणमीमांसेपासून तो वाचवत नाही.

रेघेने सोडलेले ठिपके

रेघेने दिलेला अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांच्यातल्या फरकाला अवशेष म्हणतात. रिग्रेशनमधला हा सर्वांत बोलका भाग, आणि बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत. एप्रिलात रेघेचा अंदाज २२ लाख १० हजार होता आणि विक्री २७ लाखांची झाली, म्हणजे जवळपास पाच लाख जास्त. मे महिन्यात अंदाजापेक्षा चार लाख जास्त. उलट सप्टेंबरात तीन लाख कमी, नोव्हेंबरात २ लाख ४० हजार कमी, डिसेंबर आणि मार्चमध्ये दोन-दोन लाख कमी.

रेघ चांगली बसली असेल तर अवशेषांत काही रचना दिसू नये. ते कसेही विखुरलेले असावेत. इथे मात्र रचना आहे. मे आणि डिसेंबर पाहू. दोन्ही महिन्यांत जाहिरातखर्च तीस हजारच होता. मेमध्ये विक्री २४ लाखांची झाली आणि डिसेंबरात १८ लाखांची. सहा लाखांचा हा फरक जाहिरातीचा असूच शकत नाही, कारण जाहिरात सारखीच होती. आता एप्रिल आणि ऑक्टोबर पाहू. एकात ४० हजार खर्च, दुसऱ्यात ६० हजार. विक्री दोन्हीकडे २७ लाख. वीस हजार जास्त घालूनही काही हललेले दिसत नाही.

कारण कपड्यांच्या धंद्यात कोणालाही विचारले तरी कळेल. एप्रिलात पाडवा, मे महिन्यात अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई, ऑक्टोबरात दसरा, नोव्हेंबरात दिवाळी. या चार महिन्यांत गिऱ्हाईक येणारच असते. आणि नेमक्या याच महिन्यांत दुकानदार जाहिरातीचा हात सैल सोडतो, कारण गिऱ्हाईक येणार हे त्यालाही ठाऊक असते. सण विक्रीही वाढवतो आणि जाहिरातीचा खर्चही वाढवतो. मग या दोघी हातात हात घालून चढताना दिसणारच, जाहिरातीचा विक्रीवर कणभरही परिणाम नसला तरी.

सण वेगळा काढल्यावर

हे तपासायचे तर महिन्यांचे दोन गट करावेत. सणाचे चार महिने एका बाजूला आणि उरलेले आठ दुसऱ्या बाजूला. आठ साध्या महिन्यांत सरासरी खर्च २० हजार आणि सरासरी विक्री १७ लाख. चार सणांच्या महिन्यांत सरासरी खर्च ५० हजार आणि सरासरी विक्री २६ लाख. आधीच्या रेघेचा चढ बहुतांशी या दोन गटांमधल्या अंतरातून आलेला आहे.

प्रत्येक गटात वेगळी रेघ बसवली की चित्र पालटते. साध्या महिन्यांत हजार रुपये जास्त जाहिरातीबरोबर विक्री सरासरी ५ हजारांनी जास्त दिसते. सणाच्या महिन्यांत ४ हजारांनी. ‘सणाचा महिना आहे की नाही’ ही खूण गणितात घालून दोन्ही गट एकत्र घेतले, तर उतार सुमारे ४,२०० रुपये येतो. आधीचे २१ हजार एका झटक्यात एक पंचमांशावर आले. नफ्याच्या हिशेबाने हजार रुपयांमागे ८५० रुपयेही परत येत नाहीत. सणाचा महिना असला की, जाहिरात सारखीच धरून, विक्री सुमारे ७ लाख ७० हजारांनी जास्त दिसते. आर-वर्ग ०.७१ वरून ०.९६ वर जातो. उताराभोवतीचा पट्टा आता उणे २,३०० पासून अधिक १०,७०० पर्यंत येतो. त्यात शून्य आहे आणि खर्च वसूल करणारे पाच हजारही आहेत. म्हणजे या बारा महिन्यांवरून जाहिरात फायद्याची की तोट्याची, हे ठरवताच येत नाही. पहिल्या रेघेने दाखवलेली खात्री सणाने उसनी दिलेली होती.

सणाची खूण घालताना महिन्याच्या नावावर विसंबून चालत नाही. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. ‘गेल्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरात विक्री का घसरली’ असा प्रश्न २०२३ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर जाहिरातीत नव्हे, पंचांगात सापडले असते. दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र घ्यायचे तर प्रत्येक महिन्यात खरेदीचे दिवस किती आले, याची नोंद हवी.

सण वेगळा काढला म्हणजे सर्व अडथळे दूर झाले असेही नाही. एक अडथळा उलट्या दिशेचा आहे. अनेक ठिकाणी जाहिरातीची रक्कम विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर बांधलेली असते. गेला महिना बरा गेला की या महिन्यात जाहिरात वाढते. अशा वेळी विक्री कारण असते आणि जाहिरात परिणाम. रेघ मात्र अगदी तशीच दिसते. दुसरा अडथळा वेळेचा. सप्टेंबरात पाहिलेल्या जाहिरातीवरून कोणी ऑक्टोबरात साडी घेते. त्या जाहिरातीचे श्रेय ऑक्टोबरच्या खर्चाला मिळते आणि सप्टेंबर कोरडा दिसतो. तिसरा, वहीत नसलेल्या गोष्टींचा. त्याच महिन्यात सूट दिली होती का, नवा माल आला होता का, समोरचे दुकान बंद होते का? सूट आणि जाहिरात जवळजवळ नेहमीच जोडीने येतात, कारण सूट आहे हे सांगण्यासाठीच जाहिरात दिली जाते. त्यांना वेगळे काढणे केवळ जुन्या आकड्यांवरून बऱ्याचदा अशक्य असते. गणितात घालता येतात ती फक्त नोंदलेली कारणे.

जिथे प्रयोग करून पाहिला गेला

मोठ्या कंपन्यांनाही ही चूक चुकलेली नाही. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेतले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. टॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी ते केले आणि २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडले. ईबे शोधयंत्रांवर जाहिराती विकत घेत असे. कोणी ‘ईबे’ हे नाव किंवा एखादी वस्तू शोधली की निकालांच्या वर कंपनीची जाहिरात दिसे आणि प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजावे लागत.

मार्च २०१२ मध्ये कंपनीने आपल्या नावावरच्या जाहिराती काही शोधयंत्रांवर बंद केल्या आणि गूगलवर चालू ठेवल्या, म्हणजे तुलना करता येईल. ज्या क्लिक गेल्या असे वाटले असते, त्यांतल्या ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आल्या. ‘ईबे’ टंकणारा माणूस ईबेवरच निघालेला होता. जाहिरात फक्त त्याच्या वाटेत उभी होती.

पुढचा प्रयोग कंपनीचे नाव नसलेल्या, वस्तूंच्या शोधांवरच्या जाहिरातींचा होता. अमेरिकेतल्या प्रसारण-बाजारपेठांच्या विभागांपैकी सुमारे ३० टक्के विभागांत गूगलवरच्या या जाहिराती काही आठवडे बंद ठेवल्या आणि उरलेल्या विभागांशी विक्रीची तुलना केली. विक्रीत पडलेला फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरातला होता आणि शून्यापासून वेगळा म्हणता येईल इतकाही नव्हता. संशोधकांनी त्याच कंपनीच्या आकड्यांवर साधे रिग्रेशनही करून पाहिले. त्यावरून जाहिरातीचा परतावा चार हजार टक्क्यांहून जास्त निघाला. प्रयोगावरून तोच परतावा उणे ६३ टक्के, म्हणजे सरळ तोटा. रिग्रेशनचे गणित चुकलेले नव्हते. ज्या दिवशी, ज्या भागात लोकांना खरेदी करायची होती, तिथे शोधही जास्त होत होते, त्यामुळे जाहिरातीचा खर्चही जास्त होता आणि विक्रीही. दुकानाच्या उदाहरणात जे काम दिवाळीने केले, तेच इथे खरेदीच्या इच्छेने केले.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी ईबेवर आधी कधी खरेदी केली नव्हती किंवा क्वचितच केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळजवळ झाला नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्याच क्लिकवर जात होता. सरासरीचा एकच उतार ही फोड लपवून ठेवतो. जाहिरात निरुपयोगी असते, असा या प्रयोगाचा अर्थ काढणेही तितकेच चूक ठरेल. ईबे हे तेव्हा अमेरिकेत सर्वांना ठाऊक असलेले नाव होते. नवे दुकान उघडणाऱ्याची गोष्ट निराळी असू शकते.

एका दुकानाला काय करता येते

कार्यकारण ओळखायचे असेल तर जाहिरातीचा खर्च दुकानदाराच्या अंदाजावर न ठरता कधीतरी त्याच्यापासून स्वतंत्रपणे ठरला पाहिजे. पत्रकांच्या बाबतीत हे सर्वांत सोपे आहे. गावातल्या वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्या निवडायच्या, तिथेच पत्रके वाटायची आणि बिल करताना गिऱ्हाइकाची वस्ती लिहून घ्यायची. सण दोन्ही निम्म्यांत सारखाच असतो, सूटही सारखीच. त्यामुळे विक्रीत जो फरक उरेल तो पत्रकांचा धरता येतो. चिठ्ठी टाकण्याऐवजी ‘जिथे गिऱ्हाईक चांगले आहे तिथे वाटू’ असे केले, की जुनाच दोष मागच्या दाराने परत येतो.

वर्तमानपत्र किंवा केबलची जाहिरात वस्तीवार तोडता येत नाही. तिथे महिने चिठ्ठीने निवडावे लागतात : साध्या महिन्यांपैकी काहींत जास्त खर्च, काहींत नेहमीचा. पण इथे बारीक फरक पुरत नाही. या दुकानाची साध्या महिन्यांतली विक्री कारण नसतानाही लाखभराने वरखाली होते. जाहिरात दहा हजारांनी वाढवली तर ती वसूल व्हायला विक्री पन्नास हजारांनी वाढायला हवी. लाखाच्या चढउतारात पन्नास हजारांचा फरक ओळखायचा तर प्रत्येक बाजूला बरेच महिने लागतील. खर्च वीस हजारांनी वाढवला तर शोधायचा फरक लाखाचा होतो आणि खूप कमी महिने पुरतात. म्हणजे वाढ दुप्पट केली की लागणारे महिने चौथाईवर येतात. थोडा थोडा खर्च बदलत राहून निष्कर्षाची वाट पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे काही कळत नाही, त्यामागचे कारण हेच.

प्रयोग शक्य नसेल तेव्हाही साध्या रिग्रेशनचा उपयोग संपत नाही. खर्च नेहमीच्या रीतीनेच ठरणार असेल, तर पुढच्या महिन्याच्या विक्रीचा अंदाज बांधायला रेघ कामाची आहे. दुकानदार नोव्हेंबरसाठी सत्तर हजार बाजूला काढतो, यातच दिवाळी येते आहे हे सांगितलेले असते, आणि त्या बातमीचा फायदा अंदाजाला मिळतो. माल किती मागवावा, हे ठरवायला तेवढे पुरते. मात्र खर्च बदलायचा निर्णय घ्यायचा झाला, की खर्च आजवर ज्या कारणाने ठरत होता ते कारणच सुटते आणि जुना उतार लागू पडत नाही. जुलैत सत्तर हजार रुपये घातले म्हणून जुलैत दिवाळी येत नाही.

म्हणून अशा विश्लेषणाचा निष्कर्ष लिहिताना तीन गोष्टी शेजारी असाव्यात : उतार त्याच्या एककांसह, तो कोणत्या खर्चाच्या मर्यादेत लागू आहे ते, आणि त्या काळात जाहिरातीचा खर्च कोणी, काय पाहून ठरवला ते. पहिल्या दोन गोष्टी संगणक देतो. तिसरी वहीत, पंचांगात आणि गल्ल्यावर बसणाऱ्याच्या सवयीत शोधावी लागते, आणि उताराला परिणाम म्हणायचे की केवळ सोबत, हे तिच्यावरूनच ठरते.